जॅकनाइफ की बूटस्ट्रॅप? एकाच सर्वेक्षणाच्या तीन स्टँडर्ड एरर निघाल्यात

सांजवारा

मंडळी, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. प्रकल्पासाठी एका प्रवास-सर्वेक्षणाचा डेटा मिळालाय. रचना अशी आहे: 12 स्तर, प्रत्येक स्तरातून 2 क्लस्टर, प्रत्येक क्लस्टरमधून 20 घरं. एकूण 480 घरं. प्रत्येक घराचं वेट फाइलमध्येच दिलंय.

मला दोनच आकडे हवेत. एकूण प्रवासवेळेत पायी चालण्याचा वाटा किती, आणि रोजच्या प्रवासवेळेचा मिडियन किती. वाटा आला 11.4 टक्के. त्याची स्टँडर्ड एरर मात्र तीन तऱ्हांनी तीन आली:

फाइलमधली घरं परत परत उचलून बूटस्ट्रॅप केला तर 1.0
प्रत्येक स्तरात 2 क्लस्टरमधून 2 क्लस्टर परत उचलून बूटस्ट्रॅप केला तर 1.35
एकेक क्लस्टर वगळून जॅकनाइफ केला तर 1.9

मिडियन 30 मिनिटं आला आणि त्याची जॅकनाइफ स्टँडर्ड एरर चक्क शून्य! वर्गात शिकवलं होतं की सरासरी, गुणोत्तर वगैरेंसाठी दोन्ही पद्धती जवळपास सारखं उत्तर देतात. मग हे काय आहे? प्रबंधात कुठला आकडा लिहू, त्याहीपेक्षा का लिहू, ते समजून घ्यायचंय. सूत्रं आहेत माझ्याकडे, डोक्यात चित्र नाही.

धोपटमार्गी

1.0 घ्या आणि पुढे चला. रोज हेच काम करतो. रो रिसॅम्पल करायच्या, दहा हजार वेळा, आणि त्या दहा हजार उत्तरांचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायचं. जॅकनाइफ ही संगणक मंद होते तेव्हाची सोय. 24 तुकडे वगळून काय कळणार?

खवचट

छापून आणायचं असेल तर 1.0, रात्री झोप लागायला हवी असेल तर 1.9. 1.35 हा आकडा मात्र कुणाच्याच कामाचा नाही.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

आकडेमोड

खवचटराव गमतीत बरोबर बोलून गेले. 1.35 सगळ्यात फसवा, कारण तो बरोबर वाटतो.

आधी 1.0 चा निकाल लावू. बूटस्ट्रॅप असो वा जॅकनाइफ, दोन्ही एकच नाटक करतात: 'हा नमुना पुन्हा काढला असता तर उत्तर किती हललं असतं?' ते नाटक खऱ्या निवडीसारखं वठलं पाहिजे. तुमच्या सर्वेक्षणात घरं सुटी निवडलेली नाहीत. आधी क्लस्टर निवडले, मग त्यांच्यात घरं. एका क्लस्टरमधली 20 घरं एकाच रस्त्यावर, एकाच बसथांब्याजवळ, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी. धोपटमार्गी म्हणतात तशी घरं सुटी उचलली की 480 स्वतंत्र माणसांना विचारलं असं सोंग होतं आणि एरर लहान दिसते. 1.9 आणि 1.0 च्या वर्गांचं गुणोत्तर 3.6 येतं, म्हणजे ढोबळमानाने तुमची 480 घरं सुट्या निवडलेल्या 130-135 घरांइतकीच माहिती देतायत. 20-20 च्या क्लस्टरमध्ये हे अजिबात नवल नाही.

आता 1.35. इथे तुम्ही क्लस्टरच उचललेत, स्तरही पाळलेत, तरी चुकलं. एकच स्तर घ्या, त्यात दोन क्लस्टर. एकाचं मूल्य 10, दुसऱ्याचं 14. सरासरी 12. पाठ्यपुस्तकी व्हेरियन्स काढा: विचलनं −2 आणि +2, वर्गांची बेरीज 8, भागिले (2−1) म्हणजे 8, आणि सरासरीसाठी पुन्हा भागिले 2, म्हणजे 4.

जॅकनाइफ: पहिला वगळला तर 14 उरतो, दुसरा वगळला तर 10. दोन्ही 12 पासून 2 ने दूर. वर्गांची बेरीज 8, गुणिले (n−1)/n म्हणजे अर्धं, उत्तर 4. तंतोतंत.

तुमचा बूटस्ट्रॅप: दोनातून दोन, परत ठेवून उचलायचे. पाव वेळा (10,10) येईल, पाव वेळा (14,14), आणि निम्म्या वेळा एकेक, म्हणजे सरासरी 12, हालचाल शून्य. व्हेरियन्स = ¼×4 + ¼×4 = 2. खऱ्याच्या निम्मा!

दहा हजार वेळा करा नाहीतर दहा लाख वेळा, 2 चे 4 होणार नाहीत. बूटस्ट्रॅपच्या जगात भागाकार n−1 ने होत नाही, n ने होतो. एका स्तरात 50 क्लस्टर असते तर ही तूट 2 टक्के, कुणाच्या लक्षातही आली नसती. तुमच्याकडे 2 च आहेत, म्हणून 50 टक्के. आणि ही तूट प्रत्येक स्तरात पडते, त्यामुळे 12 स्तर मिळून भरून निघत नाही. आता 1.35 ला √2 ने गुणून बघा.

सांजवारा

1.909!! अंगावर काटा आला. मी दोन दिवस कोड तपासत होते.

मग बूटस्ट्रॅप दुरुस्त कसा करायचा? आलेल्या व्हेरियन्सला 2 ने गुणायचं?

आकडेमोड

सगळ्या स्तरांत दोनच क्लस्टर असतील तर साध्या सरासरीला तेवढं पुरेल. पण एखाद्या स्तरात 2, दुसऱ्यात 5, तिसऱ्यात 9 असले की कशाने गुणणार? म्हणून राव आणि वू यांनी 1988 मध्ये वेगळा मार्ग मांडला: प्रत्येक स्तरात n ऐवजी n−1 क्लस्टर उचला आणि उचललेल्यांची वेट n/(n−1) पटीने वाढवा. तुमच्या बाबतीत 2 तून 1 उचला, त्याचं वेट दुप्पट, राहिलेल्याचं शून्य. वरच्या उदाहरणात मग निम्म्या वेळा 10, निम्म्या वेळा 14. व्हेरियन्स 4. जमलं.

गंमत बघा, दोन-दोन क्लस्टरच्या रचनेत हा बूटस्ट्रॅप म्हणजे प्रत्येक स्तरातून नाणं उडवून अर्धा नमुना घेणं. असे अर्धे नमुने 2¹² म्हणजे 4096 च शक्य आहेत. त्यांतून नशिबावर हजार उचलण्याऐवजी हॅडामार्ड मॅट्रिक्सच्या मदतीने नेमके 16 निवडले, तर सरळ बेरजेच्या आकड्यांना अगदी तेच उत्तर मिळतं. त्याला संतुलित अर्धनमुना पद्धत म्हणतात, सर्वेक्षणवाल्यांची ती बूटस्ट्रॅपच्या आधीपासूनची.

रानवाट

मला वाटायचं जॅकनाइफ चुकार निरीक्षणं पकडायला वापरतात. एक वगळायचं, उत्तर फार हललं तर ते संशयित. धागाकर्तीने तसं करून खराब क्लस्टर काढून टाकावेत, एरर आपोआप कमी होईल.

खवचट

@रानवाट, एरर वाढवणाऱ्या सगळ्यांनाच काढलं तर शेवटी एक क्लस्टर उरेल आणि एरर शून्य. नोबेल पक्कं.

निशिगंधा_क

हसू नका, रानवाट यांच्या बोलण्यात कामाचा धागा आहे. काढून टाकायचं अर्थातच नाही, पण बघायचं जरूर. जॅकनाइफचा एकूण व्हेरियन्स स्तरांच्या तुकड्यांची बेरीज असतो आणि प्रत्येक स्तराचा तुकडा वेगळा वाचता येतो. बूटस्ट्रॅपच्या प्रत्येक फेरीत सगळे स्तर एकदमच हलतात, त्यामुळे हा हिशेब थेट दिसत नाही. सांजवारा, एकदा बाराही तुकडे छापून बघ. बहुतेक वेळा एकदोन स्तरच निम्मं ओझं वाहत असतात.

आता माझ्या कामातली गोष्ट. आमच्याकडे एक अहवाल तपासायला आला होता. आकडे सुबक, स्टँडर्ड एरर इतक्या लहान की संशय यावा. डेटासोबत तयार रेप्लिकेट वेट होती, म्हणजे प्रत्येक फेरीसाठी वेटचा एक वेगळा रकाना; रचना हुबेहूब तुझ्यासारखी, 24 रकाने. ती जॅकनाइफची होती आणि सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की बूटस्ट्रॅपची आहेत. बूटस्ट्रॅपमध्ये वर्गांच्या बेरजेला फेऱ्यांच्या संख्येने भागतात, म्हणजे 1/24. जॅकनाइफमध्ये इथे गुणक 1/2 हवा. व्हेरियन्स 12 पट लहान, एरर साडेतीन पट लहान. प्रोग्रॅमने एक शब्दही तक्रार केली नाही. आणि का करावी? त्याच्या दृष्टीने सगळं नीट होतं.

ओळखायचं कसं? रकाने उघडून बघा. मूळ वेटने भागल्यावर बहुतेक ठिकाणी 1 आणि एकाच स्तरात 0 आणि 2 दिसले, तर जॅकनाइफ. जवळपास निम्म्या ठिकाणी 0 आणि निम्म्या ठिकाणी 2 असले, तर अर्धा नमुना किंवा राव-वू बूटस्ट्रॅप. यातच मूळ फरकही दिसतो: जॅकनाइफ नमुन्याला हळूच एका कोपऱ्यात धक्का देतो आणि मग मोठ्या गुणकाने तो धक्का फुगवतो. बूटस्ट्रॅप सगळा नमुना एकदम हलवतो, त्यामुळे फुगवावं लागत नाही.

धोपटमार्गी

क्लस्टरचं पटलं. माझा डेटा रोजचा सुटा असतो, त्यामुळे हा विचार करावा लागत नाही. पण एक मुद्दा सोडणार नाही. जॅकनाइफच्या 24 फेऱ्या, बूटस्ट्रॅपच्या 1000. हजार आकड्यांवरून काढलेला अंदाज 24 वरच्यापेक्षा पक्का असणारच ना?

आकडेमोड

नाही. इथे दोन वेगळे डळमळीतपणे आहेत.

पहिला, नाणं उडवण्याचा. B फेऱ्या घेतल्या तर स्टँडर्ड एररमध्ये साधारण 1/√(2B) इतकी सापेक्ष खळबळ राहते. 200 फेऱ्यांना 5 टक्के, 1000 ला सव्वादोन. हा फेऱ्या वाढवून हवा तितका कमी करता येतो. जॅकनाइफमध्ये हा नसतोच, कितीही वेळा चालवा, तेच उत्तर.

दुसरा, तुमच्या नमुन्याचा. 24 क्लस्टर, 12 स्तर, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा 24−12 = 12. तेवढ्यावरून काढलेली स्टँडर्ड एरर स्वतःच साधारण 1/√24, म्हणजे 20 टक्क्यांच्या आसपास हलते. हा दोन्ही पद्धतींना सारखाच आणि कुठल्याही संगणकाने कमी न होणारा. तो कमी करायचा तर अजून क्लस्टरमध्ये जाऊन माणसांना विचारावं लागेल. एकाच क्लस्टरमध्ये 20 ऐवजी 40 घरं घेतली तरी या 12 चे 13 होत नाहीत.

म्हणून विश्वास-अंतर काढताना 1.96 नको, 12 मात्रांचा t घ्या, 2.18. बूटस्ट्रॅपच्या 1000 फेऱ्या पाहून सॉफ्टवेअरने 999 मात्रा धरल्या, तर तिथेही अंतर उगाच अरुंद होतं. ते आपल्या हाताने तपासायचं.

धोपटमार्गी

बरं. हे मात्र कधी कुणी सांगितलं नव्हतं. तरी बूटस्ट्रॅपच व्यापक हे मी म्हणतच राहणार, मिडियनमध्ये जॅकनाइफ तोंडावर पडलाच आहे.

दुपारचा_चहा

अवांतर: जॅकनाइफ मुळात व्हेरियन्ससाठी नव्हताच. केनुईने तो 1949 च्या सुमारास बायस कमी करायला आणला, व्हेरियन्ससाठी वापरायची कल्पना टुकीची, 1958 ची. एफ्रनचा बूटस्ट्रॅप 1979 चा. म्हणजे दोघांत वीस वर्षांचं अंतर, आणि भांडण अजून चालूच.

आकडेमोड

मिडियनकडे वळू. तिथे धोपटमार्गींना निम्मे गुण.

दहा सुटे आकडे घ्या: 12, 15, 19, 21, 24, 25, 31, 36, 40, 58. मिडियन 24.5. आता एकेक वगळा. खालच्या अर्ध्यातला कुठलाही वगळला तर मिडियन 25, वरच्या अर्ध्यातला वगळला तर 24. दहा फेऱ्यांत दोनच उत्तरं! 58 च्या जागी 580 असतं तरी फरक नाही. जॅकनाइफ व्हेरियन्स येतो 0.9 × 10 × 0.25 = 2.25, एरर 1.5.

आता फक्त 24 च्या जागी 22 ठेवा. मधलं अंतर 1 चं 3 झालं. एरर झाली 4.5. एका आकड्यात दोनचा फरक आणि एरर तिप्पट. सगळा हिशेब मधल्या दोन आकड्यांच्या फटीवर टांगलेला आहे, आणि नमुना कितीही मोठा केला तरी ही अवस्था सुधारत नाही. हळूच धक्का देणाऱ्या पद्धतीची ही मर्यादा: उत्तर सपाट पायऱ्यांनी चालत असेल तर छोट्या धक्क्याने एक तर पायरी बदलतच नाही, नाहीतर एकदम बदलते. गुणोत्तर, सरासरी, रिग्रेशनचे गुणांक यांना उतार असतो, म्हणून तिथे जॅकनाइफ चोख.

निशिगंधा_क

थोडा मतभेद. सुटं घर वगळणं आणि 20 घरांचं अख्खं क्लस्टर वगळणं यात फरक आहे. क्लस्टर वगळलं की धक्का मोठा बसतो आणि मिडियन बऱ्यापैकी हलतो. तुम्ही दाखवलं तितकं वाईट प्रत्यक्षात होत नाही.

आकडेमोड

कमी वाईट होतं, मान्य. पण 24 पैकी एकच वगळतोय, धक्का तरीही लहानच. मी तरी मिडियनसाठी त्यावर सही करणार नाही. तुम्ही कराल?

निशिगंधा_क

सही बूटस्ट्रॅपवर किंवा अर्ध्या नमुन्यांवरच करेन. पण जॅकनाइफचा आकडा बघून घाबरणार नाही.

बाय द वे, सांजवाराचं शून्य वेगळ्या कारणाने आलंय असं मला वाटतं. मिनिटं लोकांनी कशी सांगितली आहेत? 20, 30, 45, 60 अशी गोल?

सांजवारा

हो! आत्ता पाहिलं. नेमकं 30 सांगणारेच बरेच आहेत. कुठलंही क्लस्टर वगळा, मिडियन 30 वरून ढळत नाही.

राव-वू बूटस्ट्रॅपही चालवला, हा कोड:

```r
library(survey)
d  <- svydesign(ids=~klaster, strata=~star,
                weights=~w, data=x, nest=TRUE)
jk <- as.svrepdesign(d, type="JKn")
bs <- as.svrepdesign(d, type="subbootstrap", replicates=1000)
svyratio(~payi, ~ekun, jk)
svyratio(~payi, ~ekun, bs)
```

वाट्याची एरर जॅकनाइफने 1.90, बूटस्ट्रॅपने 1.94. सीड बदलला की 1.87, 1.92 असं इकडेतिकडे. म्हणजे खळबळ खरोखर 2 टक्क्यांच्या आसपासच दिसतेय. स्तरांचे तुकडेही छापले, एकटा सातवा स्तर 38 टक्के व्हेरियन्स देतोय. त्यातलं एक क्लस्टर रेल्वे स्टेशनला लागून आहे, दुसरं बरंच दूर.

मिडियनच्या हजार फेऱ्यांत मात्र सुमारे आठशे वेळा 30, उरलेल्यांत 25 आणि 35. स्टँडर्ड एरर निघाली, पण ती मला खरी वाटत नाही.

आकडेमोड

वाटायलाही नको. धोपटमार्गींचे उरलेले निम्मे गुण इथे कापले. मिडियनसाठी बूटस्ट्रॅप चालतो तो मिडियनच्या आसपास वितरण सलग आहे असं धरून. 30 वर एवढा ढीग असेल तर बूटस्ट्रॅपही त्या ढिगावर अडकतो, फक्त जॅकनाइफपेक्षा थोडा जास्त चुळबुळतो.

अशा वेळी वुडरफची जुनी युक्ती वापरा, 1952 ची. मिनिटांत एरर शोधू नका, टक्क्यांत शोधा. '30 किंवा त्याहून कमी मिनिटं प्रवास करणाऱ्यांचा वाटा' हे साधं प्रमाण आहे, त्याला उतार आहे, त्याची एरर जॅकनाइफनेही चोख येते. समजा 4 टक्के आली. t 2.18 धरून 50 च्या दोन्ही बाजूंना 8.7 जा, म्हणजे 41.3 आणि 58.7. मग वितरणात या दोन टक्क्यांशी कुठली मिनिटं येतात ते वाचा. 25 आणि 40 आली तर तेच अंतर. मधोमध नसेल, नसू दे.

धोपटमार्गी

म्हणजे शेवटी जॅकनाइफच, मागच्या दाराने. कमाल आहे.

सांजवारा

एरर 4.3 आली. अंतर 25 ते 40 मिनिटं. शून्यापेक्षा हे कितीतरी पटतं.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देणार नाही. निवडलेल्या 480 पैकी 431 घरांनीच उत्तरं दिली होती, आणि दिलेली वेट त्यासाठी आधीच फुगवलेली आहेत. मी तीच वेट घेऊन क्लस्टर वगळतेय. चालेल का?

निशिगंधा_क

काटेकोरपणे नाही. ते फुगवणं हाही नमुन्यावरून केलेला अंदाजच आहे, म्हणून प्रत्येक फेरीत मूळ वेटपासून सुरुवात करून ते पुन्हा करायला हवं. वेट गोठवून ठेवली तर आपल्याला प्रतिसादाचं प्रमाण आधीपासून नक्की ठाऊक होतं असं सोंग होतं. लोकसंख्येच्या ज्ञात आकड्यांशी वेट जुळवली असतील तर गोठवल्याने एरर सहसा जास्त दिसते, कारण जुळवण्याचा फायदा हिशेबात येत नाही. नुसत्या प्रतिसादाच्या दुरुस्तीत ती कुठल्याही बाजूला जाऊ शकते. तुझ्याकडे मूळ वेट आणि न आलेल्या घरांची यादी आहे का?

सांजवारा

मूळ वेट नाहीत. यादीही नाही. फक्त शेवटचं वेट.

आकडेमोड

मग गोठवलेल्या वेटवर करा आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. ज्यांनी डेटा दिला त्यांना रेप्लिकेट वेट मागून बघा. कित्येकदा ती तयार असतात, फक्त फाइलमध्ये घातलेली नसतात. मिळाली तर वापरण्याआधी निशिगंधा यांनी सांगितलेली 0, 1, 2 ची तपासणी तेवढी करा. दुरुस्तीमुळे आकडे नेमके 0, 1, 2 येणार नाहीत, आजूबाजूला येतील, पण ठसा कळतो.

रानवाट

सातवा स्तर ठेवायचा ना मग?

खवचट

ठेवायचा. स्टेशनसकट.